नाशिकरोडहून पंडित कॉलनी: ऑफिसला यायचं कसं आणि गाडी लावायची कुठे

या महिन्यात आपल्याकडे जे नवे लोक रुजू झाले, त्यातल्या बहुतेकांनी पहिल्या दिवशी एकच चूक केली. तिकिटावर ‘नाशिकरोड’ वाचून त्यांना वाटलं की नाशिक आलं. आपलं ऑफिस जुन्या पंडित कॉलनीत, शरणपूर रोड आणि गंगापूर रोडच्या मधल्या गल्लीत आहे. नाशिकरोड स्टेशनपासून इथवर नऊ-दहा किलोमीटर अंतर आहे. गर्दीच्या वेळी हे अंतर किती लागतं ते सांगून पटत नाही, म्हणून सोमवारी मी जेलरोडला राहणाऱ्या नव्या सहकारी ताईंबरोबर सिटीलिंकच्या बसने आलो आणि वेळा टिपून ठेवल्या.

नाशिकरोडच्या बसस्थानकावर आम्ही ८.२० ला पोहोचलो. ताई खरं तर बिटकोला चढणार होत्या, ते त्यांच्या घरापासून जवळ पडतं. मी त्यांना मुद्दाम स्थानकावर बोलावलं. बस तिथूनच सुटते, त्यामुळे बसायला जागा मिळते. बिटकोला येईपर्यंत ती भरते आणि दत्त मंदिर, उपनगरला चढणाऱ्यांना दांडी धरूनच यावं लागतं. रोज येणार असाल तर दहा मिनिटं उलटं चालत जाऊन स्थानकावर चढणं परवडतं.

बस कोणती धरायची, इथे गोंधळ होतो. पाटीवर ‘निमाणी’ वाचून चढू नका. निमाणी पंचवटीत आहे आणि तिथे जायला एकापेक्षा जास्त वाटा आहेत. द्वारकेहून शालिमार, सीबीएस म्हणजे जुनं मध्यवर्ती बसस्थानक करत जाणारी गाडी आपल्या कामाची. द्वारकेहून परस्पर पंचवटीकडे वळणारी नाही. चढताना वाहकाला ‘निमाणीला जाईल का’ असं न विचारता ‘सीबीएसवरून जाईल का’ असं विचारा. सिटीलिंकच्या मोबाइल ॲपवरही मार्ग दिसतो, पण सिंहस्थाची कामं सुरू असल्यामुळे कुठे ना कुठे रस्ता खोदलेला असतो आणि गाडी त्या दिवसापुरती वाट बदलते. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण आहे आणि २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अमृतस्नानं. तोवर ॲपपेक्षा वाहकाचा शब्द खरा धरा.

आमची गाडी ८.३२ ला सुटली. बिटको ८.३८, उपनगर ८.४६, गांधीनगर ८.५०. इथवर झकास. मग द्वारका. पुण्याकडून येणारा रस्ता इथे मुंबई-आग्रा महामार्गाला भेटतो. लांब पल्ल्याच्या गाड्या उड्डाणपुलावरून निघून जातात, पण ज्यांना शहरात शिरायचं त्या सगळ्या पुलाखाली एकाच ठिकाणी येतात. त्यात शाळेच्या व्हॅन, भाजी उतरवून परतणारे टेम्पो आणि जिथे प्रवासी दिसेल तिथे थांबणाऱ्या रिक्षा. ८.५७ ला आम्ही चौकाच्या अलीकडे उभे होतो आणि सारडा सर्कलला पोहोचलो ९.११ ला. एरवी हे अंतर पाच मिनिटांत होतं. शालिमार ९.१७, सीबीएस ९.२३.

म्हणजे प्रवासाचा सगळा हिशोब द्वारकेवर ठरतो. पावणेनऊच्या आत द्वारका ओलांडली तर पुढचा रस्ता बराच मोकळा मिळतो, आणि नऊ वाजले की तो आवळत जातो. आपली हजेरी साडेनऊची आहे. तेव्हा नाशिकरोडहून सव्वाआठच्या आत सुटलेली गाडी धरा. ८.३२ च्या गाडीने आलात तर सीबीएसहून चालत येईपर्यंत साडेनऊ टळून जातात.

सीबीएसला उतरल्यावर दहा-बारा मिनिटं चालायचं आहे. स्टँडवरून शरणपूर रोडला लागायचं आणि महापालिकेच्या इमारतीकडे, म्हणजे राजीव गांधी भवनाकडे तोंड करून सरळ निघायचं. पंडित कॉलनीच्या गल्ल्या गंगापूर रोडच्या बाजूला, म्हणजे उजव्या हाताला लागतात. या गल्ल्या एकसारख्याच दिसतात आणि प्रत्येकीत चार-पाच दवाखाने आहेत. म्हणून ‘दवाखान्याशेजारची इमारत’ असा पत्ता कोणाला विचारू नका, तो कोणालाच सांगता येणार नाही. तुम्हाला पाठवलेल्या नकाशावरची खूण वापरा. सीबीएसला रिक्षावाले आग्रह करतील, पण एवढ्या अंतराला रिक्षा करण्यात अर्थ नाही. मीटर असतं, ते पडत नाही, आणि भाव ठरवण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात तुम्ही निम्मं चालून आलेले असता.

शेअर रिक्षाबद्दल बरेच जण विचारतात. नाशिकरोड ते शालिमार सीटवर रिक्षा मिळतात आणि बस चुकली तर त्या उपयोगी पडतात. दोन गोष्टी लक्षात ठेवा. रिक्षा भरेपर्यंत सुटत नाही, त्यामुळे रिकाम्या रिक्षेत पहिले जाऊन बसू नका, जिच्यात एक-दोन सीट बाकी आहेत तीच धरा. आणि ती शालिमारला सोडते, तिथून सीबीएसपर्यंतचं चालणं वाढतं. सिटीलिंकच्या वाहकांचं कामबंद झालं की (याआधी झालेलं आहे) हाच एक पर्याय उरतो आणि त्या दिवशी भाडंही आपोआप चढतं. बसायच्या आधी विचारून घ्या. मेट्रो निओचं विचारू नका. २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तिची घोषणा झाली होती आणि आपण अजून द्वारकेलाच उभे आहोत.

संध्याकाळी उलटं होतं. सहानंतर सीबीएसला नाशिकरोडची बस भरूनच येते. ताईंनी दोन गाड्या सोडल्या आणि मग शालिमारपर्यंत चालत जाऊन शेअर रिक्षा पकडली. घाई नसेल तर साडेसातनंतर निघा, बसमध्ये जागा मिळते आणि द्वारकाही थोडी सैल झालेली असते.

पंचवटी, आडगाव नाका, म्हसरूळकडून येणाऱ्यांचा रस्ता वेगळा आणि खरं तर सोपा आहे. निमाणीहून पंचवटी कारंजा, मालेगाव स्टँड, होळकर पूल, रविवार कारंजा करत बस अशोक स्तंभाला येते. सीबीएसपर्यंत बसून राहू नका. अशोक स्तंभालाच उतरा, गंगापूर रोडला लागा आणि पंडित कॉलनीत मागच्या बाजूने शिरा. चालणं साधारण तेवढंच होतं, पण अशोक स्तंभ ते सीबीएस या स्मार्ट रोडवरचे सिग्नल वाचतात. बुधवारी गोदाकाठी आठवडे बाजार भरतो, त्या दिवशी दहा मिनिटं आधी निघा. पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग वाढल्याची बातमी आली की नदीलगतचे छोटे पूल आणि रस्ते पाण्याखाली जातात आणि सगळी वाहतूक होळकर पुलावर येते. आपल्याकडे गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं यावरून पुराचा अंदाज घेतात. कमरेच्या वर गेलं असेल तर ऑफिसला आधी फोन करा आणि मगच निघा.

बाहेरगावाहून एसटीने येणारे कुठे उतरतात ते बघा. ठक्कर बाजार, मेळा आणि जुनं सीबीएस ही तिन्ही स्थानकं एकमेकांना लागूनच आहेत, तिथून वर सांगितल्याप्रमाणे चालत या. मुंबईकडच्या बऱ्याच गाड्या मात्र मुंबई नाक्याजवळच्या महामार्ग स्थानकावर सोडतात. तिथून रिक्षा करणंच बरं. सांगताना ‘राजीव गांधी भवन’ सांगा, ‘पंडित कॉलनी’ म्हटलं की जुनी की नवी हा प्रश्न येतो.

आता गाडीचं. इमारतीच्या तळघरात आपल्या वाट्याला दुचाकींची एक रांग आणि चारचाकीच्या चार जागा आहेत. चारही जागा आधीच दिलेल्या आहेत, तेव्हा नव्या लोकांनी कार आणू नये असंच माझं म्हणणं आहे. ‘गल्लीत लावीन कुठेतरी’ हे नऊच्या आधी जमतं. दहाला दवाखान्यांच्या ओपीडी सुरू होतात, महापालिकेत कामाला आलेले लोक गाड्या इकडेच घुसवतात, आणि साडेदहाला गल्लीत सायकल लावायलाही कोपरा उरत नाही. संध्याकाळी सहा ते आठ पुन्हा तेच. शनिवारी सरकारी कचेऱ्या बंद असल्यामुळे जरा मोकळं असतं. कार आणायचीच असेल तर शनिवारी आणा.

गल्लीत लावायचीच वेळ आली तर आधी खांबावरची पाटी वाचा, मग बंगल्यांची फाटकं बघा. बंद फाटक म्हणजे न वापरलेलं फाटक नव्हे. आत आजोबा असतात, त्यांची डायलिसिसची वेळ ठरलेली असते आणि ते थेट वाहतूक पोलिसांना फोन लावतात. दवाखान्यासमोर रुग्णवाहिकेसाठी सोडलेली जागा रिकामी दिसली तरी ती तुमच्यासाठी रिकामी नाही. नो-पार्किंगचा दंड पहिल्या वेळी ५०० रुपये आणि पुढच्या वेळी १५०० आहे, गाडी उचलली तर तिचा खर्च वेगळा. ई-चलानचा संदेश गाडी ज्यांच्या नावावर आहे त्यांच्या मोबाइलवर जातो. आपल्या एका सहकाऱ्याची गाडी वडिलांच्या नावावर आहे. त्याला दंड झाल्याचं घरून कळलं, दुपारच्या जेवणाच्या आत.

दुचाकीवाल्यांनी तळघरात उताराच्या डावीकडच्या भिंतीला गाडी लावावी. उजवीकडची रांग वरच्या मजल्यावरच्या क्लिनिकची आहे. हँडल लॉक करू नका, कारण जागा करायला वॉचमन काका गाड्या सरकवतात आणि लॉक केलेली गाडी ते उचलून उन्हात नेऊन ठेवतात. हेल्मेट आरशाला न अडकवता वर घेऊन या, प्रत्येकाच्या टेबलाखाली त्यासाठी हूक आहे. जुलै-ऑगस्टमध्ये जोराचा पाऊस झाला की उताराच्या तळाशी पाणी साचतं. पंप आहे, पण वीज गेली की तोही बंद पडतो. अशा दिवशी गाडी तळघरात अगदी खाली न नेता उताराच्या मधल्या सपाट भागात लावा, काकांना मी तसं सांगून ठेवलं आहे.

तळघराचं शटर रात्री साडेनऊला बंद होतं. उशिरापर्यंत थांबणार असाल तर नऊच्या आत गाडी वर काढून फाटकाच्या आत लावा, तोवर क्लिनिकच्या गाड्या गेलेल्या असतात. शटरची दुसरी किल्ली आपल्याकडे नाही.