साडेपाच मायक्रॉनचा फरक आणि पत्र्यावरचं ऐंशी ग्रॅम जस्त

द्राक्षांच्या प्रीकूलिंग खोल्यांसाठी हवेचे डक्ट बनवणाऱ्या सातपूरच्या एका कारखान्यात अर्धा मिलिमीटर जाडीच्या जीआय पत्र्याचा नवा माल उतरला होता. ऑर्डरमध्ये लिहिलं होतं २७५ जीएसएम, म्हणजे दर चौरस मीटर पत्र्यावर २७५ ग्रॅम जस्ताचा थर. तीन नमुन्यांची सरासरी किमान २७५ हवी आणि कुठलाही एक नमुना २३५ च्या खाली जाता कामा नये. प्रीकूलिंगच्या खोलीत सतत ओल असते, म्हणून ही अट होती. माल घेण्याआधी तपासायला मला बोलावलं होतं.

मालासोबत आलेल्या माणसाने कोटिंग मीटरने मोजून दाखवलं. दोन्ही बाजूंना, वेगवेगळ्या जागी, सरासरी २१ मायक्रॉन. त्याने तिथेच हिशेब केला आणि तो हिशेब बरोबर होता. जस्ताची घनता ७.१४ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. म्हणजे एक चौरस मीटरवर एक मायक्रॉनचा थर बसला, तर त्याचं वजन ७.१४ ग्रॅम. २१ मायक्रॉनचे एका बाजूला १५० ग्रॅम, दोन्ही बाजूंचे मिळून ३००. हवे होते २७५.

इथे आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण निम्मे वाद तिथेच होतात. २७५ हा आकडा दोन्ही बाजूंच्या जस्ताची बेरीज आहे आणि भागायचं मात्र पत्र्याच्या एकाच बाजूच्या क्षेत्रफळाने. त्यामुळे एका बाजूला साधारण १९.३ मायक्रॉन थर असला की २७५ भरतात. मीटरवर १९ दिसले, त्याला ७.१४ ने गुणलं, १३६ आले आणि चांगला माल परत पाठवला, असं घडतं. उलट चूकही होते: कुणी २७५ एका बाजूचे धरतो आणि ३८ मायक्रॉन मागत बसतो.

सातपूरच्या मालात गुणाकार चुकलेला नव्हता. मला खटकलं ते मीटरचं शून्य. ते मीटरच्या डबीतल्या जाड, गुळगुळीत लोखंडी ठोकळ्यावर लावलेलं होतं. हा मीटर जस्त ओळखत नाही. खालचं लोखंड चुंबकाला किती जोरात प्रतिसाद देतं, त्यावरून मधलं अंतर किती ते तो सांगतो. लोखंड पातळ असलं की प्रतिसाद कमी मिळतो आणि मीटर ते अंतर जास्त धरतो. पत्र्याचा पृष्ठभाग खरखरीत असला तर टोक उंचवट्यांवर टेकतं, त्यानेही आकडा वाढतो. चार-पाच मिलिमीटरच्या अँगलवर हे सहसा जाणवत नाही. अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्यावर जाणवतं. आणि हिशेबात प्रत्येक मायक्रॉनची चूक दोन बाजूंनी मोजली जाते, म्हणजे १४.२८ ग्रॅम.

म्हणून जस्त उतरवून वजन करायचं ठरलं. शिअरिंगवरून पत्र्याच्या रुंदीत तीन तुकडे कापून घेतले: एक मधला आणि दोन कडांकडचे, पण कडेपासून ५० मिलिमीटर आत. तुकडा ५० बाय ५० चा सांगितला तरी शिअरिंग तसा देईलच असं नाही. एक बाजू अर्धा मिलिमीटर कमी पडली की क्षेत्रफळात एक टक्का चूक, म्हणजे पावणेतीन ग्रॅम. कापलेल्या कडांवरची धारदार बर काढून दोन्ही बाजू दोन-दोन जागी व्हर्नियरने मोजल्या. तिन्ही तुकडे ५०.० चे निघाले, म्हणून एका बाजूचं क्षेत्रफळ ०.००२५ चौरस मीटर. तेल पुसून, अल्कोहोलने धुऊन, वाळवून मिलिग्रॅमच्या काट्यावर वजन घेतलं.

आम्ल असं करतात: अर्धा लिटर तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात साडेतीन ग्रॅम हेक्झामाइन विरघळवायचं आणि पाण्याने एक लिटर करायचं. हेक्झामाइन नसेल तर जस्त संपल्यावर आम्ल लोखंड खायला लागतं, आणि तेवढं वजन जस्ताच्या खात्यात जमा होतं. तुकडा टाकताच जोरात बुडबुडे येतात. ते थांबले की तुकडा लगेच बाहेर काढायचा, वाहत्या पाण्याखाली मऊ ब्रशने पुसायचा, अल्कोहोलमध्ये बुडवून वाळवायचा आणि पुन्हा तोलायचा. निघणारा हायड्रोजन पेट घेतो, म्हणून हे काम उघड्या, हवेशीर जागी करतात.

डाव्या कडेच्या तुकड्याचं वजन आधी ९.७५२ होतं, नंतर ९.२०४. गेलेलं जस्त ०.५४८ ग्रॅम. त्याला ०.००२५ ने भागलं, म्हणजे चारशेने गुणलं, की २१९.२ ग्रॅम प्रति चौरस मीटर. मधल्यात ०.५४१ ग्रॅम गेलं, म्हणजे २१६.४. उजव्या कडेच्या तुकड्यात ०.५५६, म्हणजे २२२.४. सरासरी २१९.३. २३५ ची अट एकही तुकडा पूर्ण करत नव्हता. काटा एका मिलिग्रॅमने चुकला तरी फरक फक्त ०.४ ग्रॅमचा पडतो, म्हणून काट्याला दोष देण्यासारखं काही नव्हतं.

कारखान्याचे फोरमन म्हणाले, "साहेब, मग मीटर बिघडलंय का?" मीटर ठीक होता. आम्ल लावून कोरा झालेला तोच तुकडा सपाट लाकडी फळीवर ठेवला आणि त्याच मीटरचं टोक त्यावर टेकवलं. जस्ताचा कण नसलेल्या लोखंडावर आकडा आला ५.५ मायक्रॉन. पुन्हा टेकवला, तरी साडेपाचच्या आसपासच. २१ मधून ते वजा केले तर १५.५ मायक्रॉन राहतात आणि १५.५ गुणिले १४.२८ म्हणजे २२१. आम्लाच्या चाचणीशी दोनच ग्रॅमांचा फरक. सगळा घोळ त्या साडेपाच मायक्रॉनचा होता.

२५०० बाय १२५० च्या एका पत्र्याचं क्षेत्रफळ ३.१२५ चौरस मीटर. २७५ प्रमाणे त्यावर ८५९ ग्रॅम जस्त असायला हवं होतं, होतं ६८५. दर पत्र्यामागे पावणेदोनशे ग्रॅम जस्त कमी. ओलसर डक्टच्या बाबतीत ही तूट गंज लागायला किती वर्षं लागतात त्यातच दिसली असती, कारण जस्ताचं आयुष्य जवळपास त्याच्या जाडीच्या प्रमाणात चालतं.

तिथेच एकाने विचारलं, गॅल्व्हल्यूमच्या पत्र्यालाही हाच आकडा चालतो का? नाही. त्या थरात वजनाने ५५ टक्के ॲल्युमिनियम असतं आणि घनता ३.७५ च्या आसपास. तिथे एका बाजूच्या २० मायक्रॉनचे ७५ ग्रॅम होतात, दोन्ही बाजूंचे १५०. त्याला ७.१४ लावलं तर वजन जवळपास दुप्पट येईल. जीआय पत्र्याच्या थरातही थोडं ॲल्युमिनियम असतं, पण इतकं कमी की ७.१४ बदलायची गरज पडत नाही.

पुरवठादाराने चाचणीचे आकडे पाहिले आणि माल बदलून दिला. नव्या मालाच्या एका पत्र्याचा तुकडा आधी आम्लात कोरा केला आणि मीटरचं शून्य त्यावरच लावलं. मग पत्र्यावर थेट १९.९ मायक्रॉन आले, म्हणजे २८४ ग्रॅम. तीन तुकडे उतरवून सरासरी आली २८१, सगळ्यांत कमी तुकडा २७६. तो कोरा तुकडा आता कारखान्यात मीटरच्या डबीत ठेवला जातो, त्यावर पत्र्याची जाडी कोरलेली आहे. ०.६३ आणि ०.८ च्या पत्र्यांसाठी वेगळे तुकडे करून घ्यायला सांगितलं, कारण ०.५ चा तुकडा त्यांना चालणार नाही.