पाऊस आला, सर आली, मडकं गेलं

"बाई, आमच्या सुनेला मराठी शिकवायचंय. नुसती गाणी ऐकवली तर येतं का?"

येतं, पण कोणती गाणी आणि त्यांचं काय करायचं, यावर सगळं अवलंबून आहे. तुम्ही विचारलंत म्हणून आमच्या गल्लीतल्या एका मुलीचं सांगते. 2018 साली ती लग्न होऊन अथणीहून सांगलीत आली. घरात कन्नड बोलणारं कुणी नव्हतं. तिच्या नवऱ्यानं मोबाईलवर भावगीतं भरून दिली होती. ती दिवसभर ऐकायची, गुणगुणायची, आणि कुकरची शिट्टी झाली की म्हणायची, "शिट्टी झाला."

कन्नडमध्ये माणसं सोडली तर बाकी बहुतेक सगळं नपुंसकलिंगी. शिट्टीला बाई का म्हणायचं, हे तिला समजावून पटणारं नव्हतं. म्हणून भावगीतं बाजूला ठेवली आणि 'ये रे ये रे पावसा' घेतलं. ते आपल्या इतकं अंगवळणी पडलंय की त्यात काय भरलंय ते आपल्याला दिसत नाही. पैसा झाला, पाऊस आला, सर आली, मडके गेले. आठ छोट्या ओळींत तिन्ही लिंगं आली, तीही क्रियापदाला चिकटून. शिवाय पहिलीच ओळ 'पावसा'वर संपते. ती तोवर "पाऊसात भिजले" म्हणायची. ते 'पावसा' तोंडात बसलं आणि त्याला पुढे त, ला, ने लावायचं एवढंच उरलं.

आधी आम्ही नुसत्या टाळ्या धरल्या, ओळीला चार. ये रे, ये रे, पाव, सा. चौथ्या ओळीत 'पाऊस' एका टाळीत बसवावा लागतो. कन्नड शब्द बहुधा स्वरावर संपतो, त्यामुळे ती 'पाऊसु' म्हणायची. पण टाळीत त्या 'उ'ला जागाच नाही, पुढचं 'आला' लगेच येऊन आदळतं. दोन-तीन दिवसांत तो आपोआप गळला. संथ भावगीत इथे उलट नुकसान करतं, कारण त्यात शेवटचं अक्षर लांबवतात. 'मन'चं 'मनऽ' होतं, आणि ज्याला मुळातच शेवटी स्वर लावायची सवय आहे त्याला तेच बरोबर वाटायला लागतं.

मग खरं काम. मी तिला तीन ओळी तीन खुंट्यांसारख्या दिल्या: पाऊस आला, सर आली, मडकं गेलं. घरात जो शब्द कानावर पडेल तो यांपैकी एका ओळीत टांगायचा. बस सरीच्या ओळीत, शिट्टी तिथेच, लाईट गेली तीही तिथेच. दूध उतू गेलं ते मडक्यापाशी. कुठला शब्द कुठे जातो हे सासूबाईंना विचारायचं. पाठ झालं की नाही हे गाणं म्हणवून घेऊन कळत नाही. गाण्यात नसलेला शब्द अचानक विचारायचा. "पंखा?" म्हटल्यावर ती न थांबता "बंद पडला" म्हणाली, तेव्हा मला खात्री पटली.

आता गाणी कुठे फसवतात तेही सांगते. मी 'मडकं गेलं' म्हणते, गाण्यात 'मडके गेले' आहे. सांगलीत घरात कुणी 'मडके' म्हणत नाही. 'गेले वाहून', 'आला मोठा' हे यमकासाठी उलटवलेलं. आपण 'वाहून गेलं', 'मोठा पाऊस आला' म्हणतो. आणि 'माझे मडके भरी' मधलं ते 'भरी'! एकदा तिनं धाकट्या दिराला सांगितलं, "बादली भरी." त्याला कळलं, पण असं बोलत कुणी नाही, 'भर' म्हणतात. म्हणून ओळ पाठ झाली की लगेच तीच गोष्ट साध्या बोलण्यात सांगायला लावते. मोठ्यांच्या गाण्यांत तर मज, तुज, नसे, येई यांची गर्दी असते. ती अर्थ कळण्यापुरती ठेवावीत, तोंडी बसवू नयेत.

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा ती गॅलरीतून समोरच्यांना विचारत होती, "पाणी कुठवर आलं?" एकदम बरोबर. 'पाणी' तिनं कधीच मडक्याच्या ओळीत टांगलं होतं. समोरून उत्तर आलं, "तिसऱ्या पायरीला लागलंय, चढतंय अजून." ती माझ्याकडे बघत राहिली. लागलंय, चढतंय, आलोय, बसलीयस हे आपण दिवसभर बोलतो, पण त्या आठ ओळींत यातलं एकही नाही. तुम्ही एखाद्याला काही विचारलंत आणि तो घाईत उत्तर देतोय, ही वेळही गाण्यात येत नाही.

पूर ओसरल्यावर मी तिला रोज सकाळी दूधवाल्याशी दोन वाक्यं बोलायला लावली. तो चिडायचा, भरभर बोलायचा, आणि त्याचं प्रत्येक वाक्य 'य'वर संपायचं. तुमच्या सुनेला आधी पंधरा दिवस पाऊस द्या, मग दूधवाला.