कार्डावर पोर्ट पाच, मॉनिटर चारच: सहा स्क्रीन जोडतानाचा अनुभव

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात एकाच पीसीला सहा मॉनिटर जोडायचे होते. वायद्याचे भाव, सौद्याची नोंद, बिलं, बँक, मेल आणि सीसीटीव्ही, प्रत्येकाला एक स्क्रीन. पीसीत जीटीएक्स १०६० कार्ड, त्याच्या मागे पाच पोर्ट: तीन डिस्प्लेपोर्ट, एक एचडीएमआय, एक डीव्हीआय. चार मॉनिटर लागले आणि पाचवा काळाच राहिला. "पोर्ट पाच हायत की, मग पाचवा का लागंना?" हा शेठचा प्रश्न अगदी रास्त होता.

कारण असं की पोर्ट म्हणजे नुसतं दार. प्रत्येक मॉनिटरसाठी चित्र तयार करून पाठवणारा वेगळा भाग चिपच्या आत असतो आणि या कार्डात असे चारच आहेत. पाच दारं यासाठी की ज्याच्याकडे जुना डीव्हीआय मॉनिटर आहे त्याचीही सोय व्हावी. पाचही एकदम वापरावीत म्हणून नव्हे. म्हणून मी आता पोर्ट मोजण्याआधी कंपनीच्या पानावर त्या मॉडेलचा 'मॅक्सिमम डिस्प्ले' आकडा बघतो. काही कार्डांत तो तीन असतो, जीटी १०३० मध्ये दोनच.

मर्यादा आडवी येतेय की केबल खराब आहे, हे ओळखायला दोन मिनिटं पुरतात. पाचवा मॉनिटर जोडलेलाच ठेवायचा आणि चालू असलेल्या चारपैकी एकाची केबल कार्डातून काढायची. विंडोजच्या `Display` सेटिंगमध्ये पाचवा निवडून `Extend desktop to this display` दिलं आणि तो लागला, तर केबल, पोर्ट, मॉनिटर सगळं ठीक आहे. कार्डाचा कोटा संपला होता, एवढंच. तरीही नाही लागला तर केबल बदलून बघा. इथे तो लगेच लागला.

माझ्याआधी कुणीतरी तिथे दोन वस्तू आणून ठेवल्या होत्या. पहिली, एचडीएमआय स्प्लिटर. तो एकच चित्र दोन मॉनिटरवर दाखवतो. विंडोजला तिथे एकच मॉनिटर दिसतो, त्यामुळे दुसऱ्यावर वेगळी खिडकी नेताच येत नाही. दुसरी, डीव्हीआयचं व्हीजीए करणारा छोटा कनेक्टर. तो कार्डात बसतच नव्हता. त्याच्या चपट्या पट्टीभोवती चार बारीक पिना असतात, त्या ॲनालॉग सिग्नलच्या. या कार्डाचं पोर्ट डीव्हीआय-डी आहे, म्हणजे फक्त डिजिटल. त्या चार पिनांना तिथे भोकंच नाहीत. पिना मोडून बसवण्याचा विचारही करू नका. कनेक्टर बसेल, पण सिग्नल येणार नाही.

डिस्प्लेपोर्टला लावायचा एमएसटी हब घ्या, असा सल्लाही मिळतो. एका डिस्प्लेपोर्टमधून दोन-तीन वेगळे मॉनिटर निघतात हे खरं, पण प्रत्येक मॉनिटर कार्डाच्या त्याच चारांत मोजला जातो. पोर्ट कमी आणि कोटा शिल्लक असेल तेव्हा हब उपयोगी. इथे उलटं होतं.

मग उरलेले दोन मॉनिटर कुठून चालवायचे? प्रोसेसरमधून. पीसीत आय५-८४०० होता आणि त्यात यूएचडी ६३० हे ग्राफिक्स आधीच असतं. ते तीन मॉनिटरपर्यंत चालवतं. मदरबोर्डवर एचडीएमआय आणि व्हीजीए अशी दोन पोर्ट होती. म्हणजे कार्डाचे चार, मदरबोर्डाचे दोन, झाले सहा. प्रोसेसरच्या नावापुढे एफ असेल, जसं आय५-८४०० ऐवजी आय५-९४००एफ, तर मात्र हा मार्ग बंद. त्यात चालू ग्राफिक्स नसतं आणि मदरबोर्डची पोर्ट शोभेची राहतात.

कार्ड बसवलं की बहुतेक बोर्ड प्रोसेसरचं ग्राफिक्स आपोआप बंद ठेवतात. पीसी चालू होताना `Delete` दाबून बायोसमध्ये गेलो. ग्राफिक्सच्या भागात `iGPU Multi-Monitor` असा पर्याय होता (काही बोर्डांवर `IGD Multi-Monitor`). तो `Enabled` केला, पहिलं चित्र कार्डातूनच यावं असं ठेवलं आणि `F10` ने सेव्ह केलं. विंडोजमध्ये `Device Manager` उघडून `Display adapters` खाली दोन नावं दिसली पाहिजेत. तिथे इंटेलच्या जागी `Microsoft Basic Display Adapter` दिसलं, म्हणजे ड्रायव्हर नाही. इंटेलचा ड्रायव्हर टाकल्यावर दोन्ही पोर्ट जागी झाली.

आता कुठला मॉनिटर कुठे? माझा नियम असा की आधी थेट केबलने जमेल ते सगळं जोडायचं, अ‍ॅडाप्टर उरलेल्यांनाच. सहांपैकी एक मॉनिटर डिस्प्लेपोर्टवाला, तो कार्डाच्या डिस्प्लेपोर्टला. बावीस इंची डीव्हीआयवाला डीव्हीआयला. एचडीएमआयवाले तीन होते: एक कार्डाच्या एचडीएमआयला, एक मदरबोर्डाच्या. सतरा इंची चौकोनी, फक्त व्हीजीएवाला, मदरबोर्डाच्या व्हीजीएला. उरला एचडीएमआयवाला एकच, तो कार्डाच्या रिकाम्या दोन डिस्प्लेपोर्टपैकी एकाला. सहा मॉनिटरना मिळून एकच अ‍ॅडाप्टर लागला.

तो साधा, पॅसिव्ह घेतला. कार्डाचं पोर्ट डिस्प्लेपोर्टमधूनच एचडीएमआयचा सिग्नल देऊ शकत असेल तर अ‍ॅडाप्टर फक्त विजेची पातळी जुळवतो. स्वस्तातला अ‍ॅडाप्टरही १९२०×१०८० ला ६० हर्ट्झ देतो. आमचे मॉनिटर तेवढेच होते. मात्र रेडिऑन एचडी ५००० किंवा ६००० मालिकेचं जुनं कार्ड असेल तर हाच अ‍ॅडाप्टर दगा देतो. त्या कार्डांत एचडीएमआय-डीव्हीआय प्रकारचे सिग्नल चालवणारी घड्याळं दोनच असतात आणि पॅसिव्ह अ‍ॅडाप्टर त्यातलंच एक मागतो. तिसऱ्या मॉनिटरला तिथे अ‍ॅक्टिव्ह अ‍ॅडाप्टर हवा, ज्यात चिप स्वतः सिग्नल बदलते. डिस्प्लेपोर्टचं व्हीजीए करणारा अ‍ॅडाप्टर मात्र नेहमीच अ‍ॅक्टिव्ह असतो.

आणखी एक चूक दुकानात सर्रास होते: दिशा. डिस्प्लेपोर्टकडून एचडीएमआयकडे जाणारी केबल उलटी चालत नाही. कार्डावर एचडीएमआय आणि मॉनिटरवर डिस्प्लेपोर्ट असेल तर वेगळा कन्व्हर्टर लागतो आणि त्याला बहुधा यूएसबीची वीज द्यावी लागते. विकत घेताना "पीसीकडचं टोक डिस्प्लेपोर्ट, मॉनिटरकडचं एचडीएमआय" असं पूर्ण वाक्य सांगावं.

एफवाला प्रोसेसर असता तर? दुसरं कार्ड म्हणून स्वस्त जीटी ७१० सुचवलं जातं. तसं करू नये. ते जुन्या केप्लर पिढीचं आहे, त्याचे ड्रायव्हर ४७० मालिकेवर थांबले आणि १०६० च्या नव्या ड्रायव्हरमध्ये ते बसत नाही. त्यापेक्षा जीटी १०३० बरं: १०६० च्याच पास्कल पिढीचं, त्यामुळे एकच ड्रायव्हर दोघांना चालतो. फक्त बोर्डवर दुसरा लांब स्लॉट आहे का, हे आधी केबिनेट उघडून बघावं.

शेवटी `Identify` दाबून आकडे पाहिले आणि सेटिंगमधल्या चौकोनांची मांडणी टेबलावरच्या मॉनिटरसारखी केली. सीसीटीव्ही आणि वायद्याचे भाव कार्डाच्या मॉनिटरवर ठेवले, बिलं आणि मेल मदरबोर्डाच्या दोघांवर. डिस्प्लेपोर्टवाला मॉनिटर बटणाने बंद केला की विंडोज तो काढलाय असं समजतं आणि त्यावरच्या खिडक्या दुसऱ्या स्क्रीनवर उडी मारतात. म्हणून सौद्याच्या नोंदीची खिडकी एचडीएमआयवाल्या मॉनिटरवर आहे.