नव्वद टनांचा अंदाज

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत हळद दळून पूड विकणारे माझे एक क्लायंट कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून घेण्यासाठी पुढील वर्षाचे अंदाजित नफा-तोटा पत्रक घेऊन आले. विक्री 60 टनांवरून 90 टनांवर जाणार म्हणून त्यांच्या मुलाने प्रत्येक ओळ दीडपट केली होती आणि 4 लाख 80 हजारांचा नफा 7 लाख 20 हजारांवर नेला होता. शेडचे भाडेही दीडपट झालेले पाहून मी पत्रक बाजूला ठेवले आणि खर्चाच्या फायली मागवल्या.

हळद, पॅकिंग, वाहतूक आणि दलाली हे खर्च किलोमागे सरळ वाढतात. भाडे, पगार, विमा आणि घसारा जागचे हलत नाहीत. खरे काम विजेच्या बिलात होते. 6 टन दळलेल्या महिन्याचे बिल 26 हजार आणि 3 टनांच्या महिन्याचे 17 हजार होते, म्हणजे 3,000 किलोंना 9 हजारांचा फरक. त्यावरून किलोमागे 3 रुपये बदलता खर्च निघाला आणि महिन्याचे 8 हजार स्थिर खर्चात गेले. दोन्ही महिन्यांत विजेचा दर तोच असल्याची खात्री मात्र आधी करावी लागते.

सगळे जुळवल्यावर 200 रुपये किलोच्या विक्रीत बदलता खर्च 168 आणि शिल्लक 32 रुपये राहिली. 60 टनांवर ही शिल्लक 19 लाख 20 हजार होते आणि त्यातून 14 लाख 40 हजारांचा स्थिर खर्च जातो. याच हिशेबाने 90 टनांवर नफा थेट 14 लाख 40 हजार येत होता. मुलाचा चेहरा खुलला.

"एका पाळीत किती माल निघतो?" मी विचारले.

"वर्षाला 75 टन. त्यापुढे दुसरी पाळी लावावी लागेल, साहेब," वडील म्हणाले.

दुसऱ्या पाळीचे कामगार आणि सुपरवायझर यांचा वर्षाचा खर्च 3 लाख 60 हजार येत होता. शिवाय वाढीव 30 टन घेणारा पुण्याचा घाऊक व्यापारी किलोला 8 रुपये कमी देणार होता, त्यामुळे त्या मालावर 24 रुपयेच सुटणार होते. आता 90 टनांवरचा नफा 8 लाख 40 हजार झाला.

मग मी 75 टनांचा रकाना भरला. जुन्या 60 टनांचे 19 लाख 20 हजार, वाढीव 15 टनांचे 3 लाख 60 हजार आणि स्थिर खर्च तेवढाच. नफा पुन्हा 8 लाख 40 हजार. शेवटच्या 15 टनांची सगळी शिल्लक दुसऱ्या पाळीतच जिरत होती, आणि त्यांच्या साठ्यासाठी लागणाऱ्या वाढीव कर्जाचे व्याज तर आम्ही अजून धरलेच नव्हते. व्यापाऱ्याने ऐनवेळी पाठ फिरवली आणि पाळी लागलेली असली, तर 60 टनांवर अवघे 1 लाख 20 हजार उरणार होते.

वडिलांनी तिन्ही रकाने स्वतः कॅल्क्युलेटरवर तपासले आणि व्यापाऱ्याला फोन करून पहिल्या वर्षी 15 टनांचीच बोली केली. बँकेत गेलेले पत्रक 75 टनांचे होते.