रेझ्युमेतला आकडा कुठून आणला?

पुण्यातील एका रुग्णालयाच्या आंतररुग्ण फार्मसीत चार वर्षे काम केल्यावर मी दुसरीकडे अर्ज करायचे ठरवले. पहिल्या रेझ्युमेत मी ‘औषधे देणे, साठा सांभाळणे, नोंदी ठेवणे’ एवढेच लिहिले होते. तो वाचून आमच्या मुख्य फार्मासिस्ट मॅडमनी विचारले, “एका पाळीत तू स्वतः किती औषधे देतेस?” मला सांगता आले नाही.

विभागाचा मासिक आकडा संगणकावर सहज मिळत होता, पण तो आम्हा सर्वांच्या कामाचा होता. म्हणून मी केवळ माझ्या लॉगिनचा अहवाल काढला. त्यात महिन्याच्या ८,३५० नोंदी दिसल्या, परंतु त्यांपैकी ६०० वॉर्डांतून परत आलेल्या औषधांच्या होत्या. त्या वजा करून उरलेल्या ७,७५० नोंदींना २५ पाळ्यांनी भागल्यावर पाळीमागे ३१० आले, आणि रेझ्युमेत मी तेच लिहिले.

औषधांच्या परस्परक्रियांची तपासणी मांडणे अधिक अवघड होते, कारण संगणकाने दाखवलेली प्रत्येक सूचना म्हणजे माझे काम नव्हे. मी डॉक्टरांना फोन केल्यावर वहीत टिपून ठेवत असे; सहा महिन्यांत अशा ४६ नोंदी सापडल्या. त्यांपैकी एक रक्त गोठू न देणारे वॉरफॅरिन घेणाऱ्या रुग्णाची होती. त्याला मेट्रोनिडाझोल हे प्रतिजैविक लिहून आले होते, आणि त्यामुळे वॉरफॅरिनचे विघटन मंदावून रक्तस्रावाचा धोका वाढतो. निवासी डॉक्टरांनी वॉरफॅरिनची मात्रा कमी केली आणि रक्त गोठायला लागणारा वेळ पाहणारी आयएनआर तपासणी ठरल्यापेक्षा आधी लावली. एकूण ३१ वेळा औषध, मात्रा किंवा तपासणीची वेळ बदलली, तर १५ वेळा डॉक्टरांनी विचारपूर्वक तीच औषधे चालू ठेवली. ‘४६ चुका टाळल्या’ असे लिहिणे मला खोटे वाटले. मी ‘४६ विचारणा, ३१ बदल’ असे लिहिले.

साठ्याबाबत मी दरमहा पुढील तीन महिन्यांत मुदत संपणाऱ्या औषधांची यादी करून ती औषधे वितरकाकडे परत पाठवण्याचे काम नमूद केले. मुदतबाह्य मालाची रक्कम मात्र रुग्णालयाची अंतर्गत माहिती असल्याने वगळली.

नियमपालनाखाली ‘कायद्याचे ज्ञान’ असे न लिहिता प्रत्यक्ष काम लिहिले: अनुसूची एच१ मधील औषधांच्या नोंदवहीत डॉक्टर, रुग्ण, औषध आणि प्रमाण यांची नोंद करणे, ती वही तीन वर्षे जपणे, आणि मादक औषधांचा कुलूपबंद साठा पाळी बदलताना दोघांनी मोजून सह्या करणे. महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलचा माझा नोंदणी क्रमांक आणि त्याची वैधता नावाखालीच दिली.

मुलाखतीत पहिलाच प्रश्न त्या उरलेल्या १५ विचारणांवर आला. रुग्णाची ओळख न सांगता मी त्यांतील एक प्रसंग सांगितला: लिनेझोलिड या प्रतिजैविकासोबत ट्रामाडॉल हे वेदनाशामक चालू ठेवले होते, आणि डॉक्टरांनी या जोडीमुळे होऊ शकणाऱ्या सेरोटोनिन सिंड्रोम या गंभीर दुष्परिणामाच्या लक्षणांवर लक्ष ठेवण्याची सूचना परिचारिकांसाठी लिहून दिली होती.