मोडीची अक्षरे, तीस लेखनिक आणि दोन रेघा

शनिवार, १४ जून

आज दुपारी सगळे आकडे पुन्हा एका पानावर मांडले आणि गेल्या महिन्यातली माझी चूक नेमकी कुठे होती, ते एकदाचे समजले. ते इथे लिहून ठेवतो, कारण सहा महिन्यांनी मी हीच चूक वेगळ्या रूपात पुन्हा करीन, अशी मला बऱ्यापैकी खात्री आहे.

काम तसे छोटे आहे. मोडी कागदांच्या छायाचित्रांतून एकेक अक्षर कातरून काढायचे आणि ते कोणते आहे हे मॉडेलने सांगायचे, म्हणजे काकांना लिप्यंतराचा पहिला कच्चा खर्डा आयता मिळेल. हाताशी ३० कागद होते, प्रत्येक वेगळ्या लेखनिकाचा, आणि प्रत्येकातून काकांनी ओळखून दिलेली सुमारे २०० अक्षरे, अशी एकूण ६,००० अक्षरे. काकांची अट सरळ होती. शंभरातली पंधराहून अधिक अक्षरे चुकत असतील तर खर्डा दुरुस्त करण्यापेक्षा कोऱ्या कागदावर नव्याने लिहिणे त्यांना सोपे जाते, म्हणून १५ टक्के चूक ही आमची लक्ष्मणरेषा.

पहिले मॉडेल साधे होते. अक्षरातल्या रेघांच्या दिशा मोजून त्या आकड्यांवर लॉजिस्टिक रिग्रेशन चालवले. मग लर्निंग कर्व्ह काढला, म्हणजे प्रशिक्षणाला थोडी अक्षरे देऊन, मग अधिक, मग सगळी देऊन, प्रत्येक वेळी दोन चुका मोजल्या. जी अक्षरे मॉडेलने पाहिली आहेत त्यांवरची एक आणि जी पाहिलेली नाहीत त्यांवरची दुसरी. पहिलीला मी प्रशिक्षण-चूक म्हणतो आणि दुसरीला पडताळणी-चूक. माहिती वाढते तशी पहिली वर चढते, कारण थोडी अक्षरे पाठ करता येतात, पुष्कळ करता येत नाहीत. दुसरी खाली उतरते. उजव्या टोकाला दोन्ही रेघांमध्ये रुंद फट असेल आणि खालची चूक पुरेशी कमी असेल तर आणखी डेटा ती फट भरून काढतो. दोन्ही रेघा जवळ येऊन नको तितक्या उंचीवर आडव्या झाल्या असतील तर डेटा कितीही ओता, मॉडेलच अपुरे आहे.

माझ्या आलेखात उजव्या टोकाला प्रशिक्षण-चूक १६ टक्के होती आणि पडताळणी-चूक १९. निम्म्या डेटावर पडताळणी-चूक साडेवीस होती, म्हणजे डेटा दुप्पट केल्यावर जेमतेम दीड टक्का उतरला. फट चिंचोळी, रेघा आडव्या. निदान पाठ्यपुस्तकातले असल्यासारखे वाटले आणि मी काकांना सांगितले की आणखी अक्षरे ओळखत बसू नका, मला मॉडेल बदलायचे आहे. दोन आठवडे खपून लहानसे कन्व्होल्यूशनल नेटवर्क बांधले. पडताळणी-चूक १९ वरून ८ वर आली. मग काकांनी एकतिसावा कागद दिला आणि त्यात जवळजवळ दर तीन अक्षरांमागे एक चुकले.

काकांना नवल वाटले नाही. ते म्हणाले, "अरे, तू माझीच अक्षरे मला परत वाचून दाखवत होतास. मोडी वाचायची म्हणजे आधी लेखनिकाचे वळण ओळखायचे. एकाचे वळण हाताला लागले की त्याचे शंभर कागद सरसर वाचून होतात, आणि दुसऱ्याचा पहिला कागद आला की पुन्हा अडखळतो."

त्यात सगळे आले. मी ६,००० अक्षरे यदृच्छेने पाच भागांत वाटली होती, त्यामुळे प्रत्येक लेखनिकाची अक्षरे प्रशिक्षणातही होती आणि पडताळणीतही. मॉडेलला वळण आधीच ठाऊक होते. वेगळी न केलेली माहिती पडताळणीत शिरली की पडताळणीची रेघ खोटी खाली बसते, हे मी इतरांना सांगत आलो आहे. मात्र ही गळती आलेखाचे निदानच उलटे करते, हे मी कधी ध्यानात घेतले नव्हते. रुंद फट तिने चिंचोळी दाखवली आणि डेटाच्या दुखण्यावर मी मॉडेलचे औषध देत बसलो.

दुसऱ्या खेपेला सहा लेखनिक पूर्ण बाजूला ठेवले, त्यांचे एकही अक्षर प्रशिक्षणात घेतले नाही. आता साध्या मॉडेलची प्रशिक्षण-चूक १५ टक्के आणि पडताळणी-चूक ३१. सोळा टक्क्यांची फट समोर आली, म्हणजे डेटा हवा. पण कशाचा डेटा? अक्षरांचा, की लेखनिकांचा? आडव्या अक्षावर काय मोजायचे हा प्रश्न इथे प्रथमच माझ्यासमोर उभा राहिला, आणि माझ्या मते सगळा मामला तिथेच आहे.

दोन्ही तऱ्हेने मोजून पाहिले. चोवीसही लेखनिक ठेवून प्रत्येकाची आधी ५० अक्षरे घेतली, मग १००, मग २००. पडताळणी-चूक ३४, ३२, ३१ अशी उतरली, म्हणजे जवळजवळ सपाट. मग प्रत्येकाची सगळी अक्षरे ठेवून लेखनिक वाढवले, ३, ६, १२ आणि २४, तेव्हा ५६, ४४, ३६ आणि ३१. डेटा तोच, मॉडेल तेच, आणि एक आलेख म्हणतो आता पुरे, तर दुसरा म्हणतो अजून पुष्कळ वाव आहे.

`scikit-learn` मधले तयार `learning_curve` फंक्शन इथे नकळत फसवते. त्याला `cv=GroupKFold()` आणि `groups` दिले तर लेखनिक पडताळणीपासून वेगळे राहतात हे खरे, पण `train_sizes` मात्र अक्षरांतच मोजले जातात. `shuffle=True` ठेवले तर प्रत्येक टप्प्यावर सगळ्याच लेखनिकांची थोडी थोडी अक्षरे घेतली जातात, म्हणजे नेमका तो सपाट आलेख मिळतो. ते न ठेवल्यास यादीतली पहिली अमुक अक्षरे घेतली जातात, आणि माझी यादी कागदांच्या क्रमाने असल्यामुळे लेखनिक वाढतात खरे, पण नेहमी त्याच ठरलेल्या क्रमाने. म्हणून हाताने लिहिले:

```python
for n in (3, 6, 12, 24):
    for seed in range(10):
        rng = np.random.default_rng(seed)
        pick = rng.choice(train_scribes, n, replace=False)
        m = np.isin(scribe, pick)
        model.fit(X[m], y[m])
        err[n].append(1 - model.score(X_val, y_val))
```

दहा वेळा फिरवण्याचे कारण असे की कोणते तीन लेखनिक हाती लागतात यावर चूक ४८ ते ६३ एवढी हलते. एकाच निवडीवरून काढलेली रेघ कुठल्याही दिशेला झुकू शकते, आणि डोळ्याला हवी ती गोष्ट तीत दिसते. (चोवीसच्या टोकाला निवडायला काही उरतच नाही, त्यामुळे तिथे रेघ स्थिर दिसते; ती तिची खात्री नव्हे.)

आणखी एक किरकोळ भासणारी बाब आधीच निस्तरली होती. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ भेद लिहीत नाहीत, इ आणि ई एकच. काकांनी शब्दाचा अर्थ पाहून कुठे इ नोंदवले होते, कुठे ई. हे दोन वर्ग एक केल्यावर दोन्ही रेघा सुमारे दोन टक्के खाली सरकल्या आणि फट होती तेवढीच राहिली. नोंदीतला गोंधळ असा दोन्ही रेघांना मिळून वर उचलतो, त्यामुळे तो मॉडेलच्या अपुरेपणासारखा दिसतो. पण त्यावर ना डेटा लागू पडतो ना मोठे मॉडेल.

रविवार, १५ जून

काल अर्धे राहिले ते आज. काकांचा वेळ मागायचा तर किती कागदांसाठी मागायचा, आणि साधे मॉडेल तेवढ्यात १५ टक्क्यांवर येईल का?

आडवा अक्ष दुपटींचा घेतला. तीनचे सहा, सहाचे बारा, बाराचे चोवीस होताना चूक अनुक्रमे १२, ८ आणि ५ टक्क्यांनी घटली. प्रत्येक घट आधीच्या घटीच्या साधारण दोन-तृतीयांश. हाच क्रम पुढे चालला तर ४८ लेखनिकांवर साडेसत्तावीसच्या आसपास, आणि पुढच्या सगळ्या घटी मिळून आणखी सातेक टक्के, म्हणजे रेघ वीस-एकवीसवर टेकते. ते १५ नव्हे. साध्या मॉडेलला डेटा हवा आहे हे खरे आणि डेटा मिळूनही ते पुरे पडणार नाही हेही खरे. 'डेटा की मॉडेल' असा प्रश्न विचारणे म्हणूनच मला आता फसवे वाटते, कारण फट आजचे सांगते आणि तळ उद्याचे.

मग टाकून दिलेले नेटवर्क पुन्हा काढले आणि त्याचाही आलेख लेखनिकांवर काढला. ३ वर ६६, ६ वर ५२, १२ वर ४०, २४ वर ३०. प्रशिक्षण-चूक सगळीकडे एक टक्क्याच्या आसपास. बारा लेखनिकांपर्यंत ते साध्या मॉडेलपेक्षा वाईट आहे, चोवीसवर जेमतेम पुढे जाते. घटी १४, १२, १० अशा हळूहळू आटताहेत, म्हणजे पुढच्या दुपटीला आठ-नऊ टक्के मिळायला हवेत. फक्त आजच्या टोकाकडे पाहिले असते तर ३१ आणि ३० यांत फरक नाही म्हणून मी साधे मॉडेलच ठेवले असते. नेटवर्कचे वजन-नियंत्रण, म्हणजे त्याच्या पाठांतराला घातलेला आवर, प्रत्येक टप्प्यावर वेगळे जुळवावे लागले. चोवीससाठी जुळवलेले मूल्य तिनाला लावले तर डावे टोक उगाच वर जाते आणि उतार आहे त्याहून तीव्र दिसतो.

तळ किती खाली जाऊ शकतो, यासाठी काकांच्या एका स्नेह्यांना ५०० सुटी अक्षरे काकांची नोंद न दाखवता ओळखायला दिली. ३० ठिकाणी दोघांचे जुळले नाही, म्हणजे सहा टक्के. मागचे-पुढचे अक्षर नसताना माणसांचेच इतके जमत नसेल तर मॉडेलकडून त्याखालची अपेक्षा धरणे व्यर्थ. पण १५ आणि ६ यांत जागा आहे.

मागणी ठरली ती अशी. सपाट आलेखाने सांगितले आहे की एकाच लेखनिकाच्या २०० अक्षरांऐवजी १०० घेतली तर एकच टक्का जातो. तेव्हा काकांनी २४ कागद पूर्ण ओळखण्याऐवजी तेवढ्याच श्रमात ४८ कागदांतली प्रत्येकी शंभर ओळखावीत. काका हसून म्हणाले, "म्हणजे प्रत्येक कागद अर्धा सोडायचा? हे मला जमायचे नाही." शेवटी पहिल्या चोवीस कागदांवर तडजोड झाली.

शनिवार, २६ जुलै

चोवीस नवे लेखनिक आले. काकांनी तरीही चार कागद पूर्ण ओळखलेच.

४८ लेखनिकांवर साधे मॉडेल २८, नेटवर्क २३. साध्याचा अंदाज जवळपास बरोबर निघाला, नेटवर्कचा दीड टक्क्याने हुकला. नव्या कागदांतले नऊ इंग्रजी अमदानीतले आहेत, आणि पडताळणीतले सहाही लेखनिक पेशवेकाळातले. नऊ वगळून चालवले तर नेटवर्क २४ वर जाते, म्हणजे ते कागद उपयोगी पडले, पण पूर्ण लेखनिकाएवढे नव्हे. दुपटीचा हिशोब नवे लेखनिक जुन्यांसारखेच येतील असे धरून चालतो, आणि काकांच्या कपाटातून कागद तसे येत नाहीत.

साधे मॉडेल आज बाजूला ठेवले. सोमवारपासून पुढचे चोवीस कागद, आणि त्याआधी पडताळणीत इंग्रजी अमदानीतले सहा लेखनिक घालायचे आहेत. ते कपाटाच्या खालच्या कप्प्यात आहेत असे काका म्हणाले.