हेस्टिंग्जची वकील

"सर, मी हेस्टिंग्जची बाजू मांडायची? तो तर आपल्याशीच लढत होता!" चिठ्ठीत बचाव पक्ष निघाल्यावर अकरावीतल्या त्या मुलीचा चेहरा पडला. ईस्ट इंडिया कंपनीचा बंगालमधला गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्ज याच्यावर लंडनमध्ये 1788 ते 1795 चाललेला महाभियोग मी वर्गात दोन तासिकांत बसवतो. त्यासाठी आरोप एकच ठेवतो: बनारसच्या राजा चेतसिंगाचा.

फिर्यादी मुलाने सुरुवात दणक्यात केली. चेतसिंग ठरलेले साडेबावीस लाख रुपये खंडणी म्हणून कंपनीला दरसाल भरत होता. तेवढे भरत राहिला तर आणखी काही मागणार नाही, असा कंपनीच्या कौन्सिलचा 1775 चा ठराव होता. तरी 1778 पासून वर्षाला पाच लाख जादा उकळले, वर घोडदळही मागितलं.

मला वाटलं, आता ही रडणार, नाहीतर हेस्टिंग्जच्या संस्कृतप्रेमाचे गोडवे गाणार. बहुतेक मुलं तेच करतात, आणि आरोप बाजूलाच राहतो. पण ती ठरावावरच आली. "हा शब्द शांततेच्या काळातला आहे. 1778 ला फ्रान्सशी युद्ध पेटलं, इकडे मराठ्यांशी चालूच होतं, 1780 ला हैदर कर्नाटकात उतरला. राज्यच संकटात असेल, तर मांडलिकाकडे मदत मागायचा हक्क ठरावाने जातो का?" मग शांतपणे म्हणाली, "पाच लाख हेस्टिंग्जच्या खिशात गेले असं फिर्यादीने म्हटलेलंच नाही. लिहून घ्या."

न्यायनिवाड्याला बसलेल्या वर्गातल्या लॉर्ड मंडळींनी खरंच लिहून घेतलं.

मदतीला दिरंगाई केली म्हणून चेतसिंगावर पन्नास लाखांचा दंड लादायचं हेस्टिंग्जने मनाशी ठरवलं होतं. त्यावर तिच्या कागदावर एकच शब्द होता, खाली दोन रेघा मारलेला: वसूल? "दंड वसूल झाला नाही. मनातल्या बेताला शिक्षा देता येत नाही."

फिर्यादी बसल्या जागेवरूनच ओरडला, "वसूल कसा होणार? चेतसिंगाला अटक केल्यावर लोक उठले, शिपायांकडे काडतुसंसुद्धा नव्हती, ते कापले गेले. राजा निसटला, नि तुझा अशील रातोरात चुनारच्या किल्ल्यात पळाला! मग चेतसिंगाच्या भाच्याला गादीवर बसवून खंडणी चाळीस लाख केली. ती वसुली नव्हे?"

ती उभीच राहिली. कागद उलटसुलट केला, "इतकंच," म्हणाली आणि खाली बसली.

छातीवर हात ठेवून मतदान झालं. जादा पाच लाखांवर हेस्टिंग्ज सुटला, पन्नास लाखांवर अडकला. मी चक्रावलो, कारण 1786 ला पार्लमेंटात पंतप्रधान पिटने नेमकी हीच फोड केली होती: मागणी रास्त, दंड अवाच्या सवा. मुलांना ते मी मुद्दाम सांगितलं नव्हतं. लॉर्डांनी पुढे त्याला साऱ्याच आरोपांतून सोडलं, हे मात्र सांगावं लागलं.

"म्हणजे मी जिंकले?" तिने विचारलं. फिर्यादी म्हणाला, "तिकडे. इथे नाही."